पिवळा सांधा वेगळा, काळा सांधा वेगळा

"पर्वरीला आमचा नऊ वर्षं जुना फ्लॅट आहे. बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्समधल्या रेषा खालच्या बाजूला पिवळ्या पडल्यात, कोपऱ्यांत काळ्या झाल्यात. टॉयलेट क्लीनर ओतून घासलं, मग ब्लीच लावलं. काळं थोडं गेलं, पण पिवळं उलट गडदच झालं. चतुर्थीला घरात माणसं येणार. टाइल्सची चमक न घालवता या रेषा कशा साफ कराव्यात?"

ताई, साफसफाईचं बोलण्याआधी एक गोष्ट. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच तुम्ही एकाच दिवशी, एकामागोमाग लावलं असेल तर तसं पुन्हा कधीही करू नका. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ब्लीचला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीत तो थेट छातीत जातो. डोळे चुरचुरले, खोकला लागला तर घासणं तिथेच टाकून बाहेर यायचं आणि दारं-खिडक्या उघडायच्या. एक लावल्यावर दुसरं लावायचंच असेल तर मध्ये भरपूर पाण्याने धुऊन निदान एक दिवस जाऊ द्यावा. मी बावीस वर्षं लाद्या बसवतोय, त्यातली बारा-तेरा वर्षं जुन्या बाथरूमची दुरुस्ती करतोय. घाईत या दोन बाटल्या एकत्र आल्याने घाबरलेली माणसं मी दोन घरांत पाहिली आहेत.

तुमच्या सांगण्यातच अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे. ब्लीचने काळं कमी झालं आणि पिवळं गडद झालं, म्हणजे ते एकच मळ नाही. काळं बहुधा बुरशीचं आहे. पिवळं बहुधा लोहाचं, म्हणजे गंजाच्या जातीचं आहे. बुरशीचा रंग ब्लीचने उडतो. लोहाला मात्र ब्लीच अधिक गंजवतं. पाण्यात विरघळलेलं लोह डोळ्यांना दिसत नाही, पाणी स्वच्छच वाटतं. हवा लागली की ते हळूहळू तांबूस-पिवळं होतं, आणि हवेचं हेच काम ब्लीच झटपट करून टाकतं. आपल्याकडे जमीन जांभ्याची. जांभ्याचा तांबडा रंगच मुळी लोहाचा, त्यामुळे बोअरच्या पाण्यात लोह उतरलं तर नवल नाही. नळाला पाणी कमी आलं की बिल्डिंगच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी पडतं का, ते वॉचमनला विचारा.

खात्री करायला सोपी परीक्षा आहे. फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून आत बघा. आतल्या भिंतीवर तांबूस, बुळबुळीत थर असेल तर लोह आहे. किंवा पारदर्शक बाटलीत पाणी भरून रात्रभर उघडी ठेवा. सकाळी पाण्यावर पिवळी झाक आली, तळाशी विटकरी रंगाची भुकटी बसली, तर तेच. टाकी आणि बाटली दोन्ही स्वच्छ निघाली तर तुमचं पिवळं साबणाचं, शाम्पूचं आणि अंगावरच्या तेलाचं आहे. त्याचा उपाय खूपच सोपा, पुढे सांगतो.

आता रेषांकडे. दोन टाइल्समधल्या फटीत जे भरतात त्याला आम्ही सांधा म्हणतो, दुकानात ग्राउट म्हणतात. नऊ वर्षांपूर्वीच्या बहुतेक फ्लॅटांत तिथे साधं व्हाईट सिमेंट किंवा सिमेंटचं ग्राउट भरलेलं असतं. ते टाइलसारखं गुळगुळीत नसतं. त्याला बारीक छिद्रं असतात आणि ती पाणी पितात. कोरड्या सांध्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटाभरात तो आत मुरला आणि तेवढी जागा काळपट दिसली, तर ते सिमेंटचं. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर इपॉक्सीचं, म्हणजे पाणी न पिणाऱ्या राळेचं ग्राउट असेल, किंवा वर छिद्रं बुजवणारा सीलर मारलेला असेल. मग रेषा नखाने जरा खरवडून बघा. नखाखाली वाळू आली तर सांधा खिळखिळा झालाय आणि तो धुऊन सुधारणार नाही.

टॉयलेट क्लीनरबद्दल लोकांची फसगत कशी होते, ते नीट सांगायला हवं. टाइलवरचा काचेसारखा थर, म्हणजे ग्लेझ, साध्या ॲसिडला बऱ्यापैकी दाद देत नाही. त्यामुळे एकदा-दोनदा लावून टाइल छान चमकते आणि माणसाला वाटतं, हेच औषध बरोबर. पण सिमेंटमधला चुना ॲसिडमध्ये विरघळतो. तो जो फेस येतो ना, तो मळाचा नाही, तुमच्या सांध्याचा आहे. वरचा घट्ट पापुद्रा गेला की खालची छिद्रं उघडी पडतात, आणि पुढच्या महिन्यात तोच सांधा दुप्पट मळ पितो. हार्डवेअरच्या दुकानात बाटलीत मिळतं ते सुटं ॲसिड तर त्याहून वाईट. त्याचा रंग पिवळसर असतो, आणि तो पिवळेपणा बहुधा लोहाचाच असतो. म्हणजे पिवळं काढायला आणलेल्या बाटलीतूनच पिवळं आत जातं. शिवाय नळाचं क्रोम काळवंडतं. दाराचा उंबरठा संगमरवराचा किंवा कडप्प्याचा असेल तर त्यावर कायमचे पांढुरके डाग पडतात.

टाइलला खरं भय असतं ते ओरखड्यांचं. तारेचा ब्रश, स्टीलची घासणी आणि जाड दाण्याची पावडर यांनी ग्लेझवर बारीक रेघा पडतात. मग त्या रेघांत मळ बसतो आणि टाइल कायमची अंधुक दिसते. स्टीलच्या घासणीचे तुटलेले कण सांध्यात अडकले तर तेही गंजतात. म्हणून हत्यार एकच: नायलॉनचा ब्रश, अरुंद आणि कडक. जुना टूथब्रशही चालतो, फक्त त्याचे केस अर्ध्यावर कापून घ्या, म्हणजे ते ताठ राहतात.

गेल्या जुलैत फोंड्याला एका घरी काम केलं, ते तुमच्यासारखंच होतं. तळमजल्यावरची न्हाणी, पाच बाय सात फुटांची, पांढऱ्या चकचकीत टाइल्स, सांधे तीन मिलिमीटरचे. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत रेषा पिवळ्या, नळाखाली सगळ्यात गडद. खिडकीकडच्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत काळं. घरच्या वहिनी दर पंधरा दिवसांनी ॲसिडने घासत होत्या. फ्लशची टाकी उघडली तर आत तांबूस थर.

पहिल्या दिवशी मी कसलंही औषध लावलं नाही. बादलीभर कोमट पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड घालून भिंत आणि जमीन ब्रशने घासली, धुतली आणि पुसून घेतली. साबणाचा तेलकट थर वर असेपर्यंत पुढचं काहीही सांध्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका. मग टेबलफॅन लावून रात्रभर वाळू दिलं. सकाळी बघितलं तर वरच्या दोन ओळींतलं पिवळं जवळजवळ गेलेलं. ते फक्त साबण आणि तेल होतं. तुमच्या घरीही थोडं असंच निघेल.

मग परीक्षा. कानाच्या काडीने काळ्या रेषेवर एका जागी पातळ केलेलं ब्लीच लावलं. दहा मिनिटांत तो ठिपका पांढरा झाला, म्हणजे बुरशी. चांगलं धुऊन घेतलं. दुसऱ्या टोकाला, लांबच्या पिवळ्या रेषेवर लिंबूसत्वाच्या पाण्याचा थेंब ठेवला. पाच मिनिटांत रंग फिकट झाला, म्हणजे लोह. हे दोन थेंब टाकायला पंधरा मिनिटं लागतात आणि पुढचे दोन दिवस वाचतात.

काळ्यासाठी मी ब्लीचऐवजी सोडियम परकार्बोनेट वापरलं. ही पांढरी दाणेदार पूड असते, कपड्यांचे डाग काढायला ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळते. गरम पाण्यात तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि मागे धुण्याचा सोडा राहतो. क्लोरीनचा वास नाही, आणि सिमेंटलाही त्रास नाही. प्रमाण असं: एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे. पाणी अंघोळीच्या पाण्याहून कडक हवं, पण उकळतं नको. थंड पाण्यात ते नीट जागं होत नाही. कालवलं की अर्ध्या-पाऊण तासात वापरून टाकायचं. उरलं तर बाटलीत भरून झाकण मुळीच लावू नका. त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. हातात रबरी मोजे हवेतच.

जमिनीवर हे पाणी ओतून ठेवता येतं. भिंतीवर मात्र ते ओघळून जातं. तिथे मी टिश्यू पेपरच्या लांब पट्ट्या करतो, पाण्यात बुडवून रेषेवर चिकटवतो आणि वर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक दाबून बसवतो. अर्धा तास ओलं राहिलं पाहिजे. वाळलं की काम थांबतं. मग पट्टी काढून ब्रश रेषेच्या दिशेने मारायचा, आडवा नाही. आडवा मारला तर सांध्याच्या कडा झिजतात. फोंड्याला एकदा केल्यावर काळं तीन चतुर्थांश गेलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा केल्यावर अगदी पुसट राहिलं.

परकार्बोनेट मिळालं नाही तर ब्लीच चालेल, पण फक्त बुरशीवर, आणि एका कपाला दहा कप पाणी घालून. दहा मिनिटं ठेवून भरपूर धुवा, खिडकी उघडी ठेवा. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याचा उपाय अनेकजण सांगतात. ॲसिड आणि सोडा एकमेकांना मारतात, उरतं ते जवळजवळ खारं पाणी. फेस बघून समाधान होतं, एवढंच.

आता पिवळं. लोह काढायला आंबट लागतंच, त्याला इलाज नाही. आमच्याकडे तांब्याची भांडी आमसुलाने किंवा चिंचेने घासतात ना, तीच युक्ती. पण तांबं सोसतं तेवढं आंबट सिमेंट सोसत नाही, म्हणून ते हलकं हवं आणि थोडाच वेळ हवं. मी लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड घेतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा. आणि आता जे सांगतो ते या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे: लावण्याआधी सांधे साध्या पाण्याने पूर्ण भिजवून घ्यायचे, दोन-तीनदा पाणी मारून. भिजलेला सांधा आणखी पाणी पीत नाही, त्यामुळे लिंबूसत्व वरच्या वर राहतं आणि वरचाच डाग काढतं. कोरड्या सांध्यावर लावलं तर ते आत मुरतं आणि आतून चुना खातं.

मग ब्रशने फक्त रेषेवर लावा. पाच मिनिटं, जास्त नाही. हलके बुडबुडे दिसले तर समजा सिमेंट विरघळायला लागलंय, आणि लगेच घासून धुवा. शेवटी एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा कालवून सगळ्या रेषांवर फिरवा, म्हणजे उरलंसुरलं आंबट मरतं. पुन्हा साध्या पाण्याने धुवा. एका दिवसात दोनपेक्षा जास्त वेळा हे करायचं नाही. आधी ब्लीच लावलेलं असेल तर एक दिवस थांबूनच. फोंड्याला मी बुरशीचं काम आधी संपवलं आणि पिवळं एक दिवस सोडून घेतलं.

उंबरठा संगमरवरी किंवा कडप्प्याचा असेल तर तो प्लास्टिक आणि टेपने झाकून घ्या. जुन्या घरांत, विशेषतः पोर्तुगीज काळातल्या, नक्षीच्या लाद्या असतात. त्या सिमेंटच्याच असतात, ग्लेझच्या नाहीत. त्यांच्या आसपास लिंबूसत्वसुद्धा नको. तिथे भांड्यांचं लिक्विड आणि मऊ ब्रश, एवढ्यावरच भागवावं. गंजावर याहून जोरात चालतं ते ऑक्झॅलिक ॲसिड. कामगार ते वापरतात, मीही कधीमधी वापरतो. पण ते विषारी आहे, पोटात गेलं तर मूत्रपिंडावर जातं. ज्या घरात मुलं आहेत तिथे ती पुडी कपाटात ठेवूसुद्धा नये असं माझं मत आहे.

फोंड्याचं सगळंच सुधारलं असं नाही. नळाखालच्या दोन ओळींत, जिथे वर्षानुवर्षं ॲसिड पडलं होतं, नख लावलं की वाळू सुटत होती. तिथे मी सांधे खरवडून काढले. टाइलच्या कडेला धक्का लागू नये म्हणून मशीन न लावता हाताच्या स्क्रॅपरने, टाइलच्या जाडीच्या अर्ध्याहून थोडं खाली. वरवर नवीन ग्राउट फासलं तर ते काही महिन्यांत पापुद्र्यासारखं निघतं. खोबणी साफ करून, वाळवून मग नवीन भरायचं. त्या दोन ओळी इपॉक्सीने भरल्या. इपॉक्सी महाग पडतं आणि लगेच घट्ट होतं, त्यामुळे टाइलवर पसरलेलं त्याच वेळी पुसावं लागतं. एकदा वाळलं की ते टाइलवरून काढताना ओरखडे येतात. हे काम घरी करू नका, मेस्त्रीला बोलवा.

कोपऱ्यात, भिंत आणि जमीन मिळते तिथे, पुष्कळदा सिमेंट नसून रबरासारखं सिलिकॉन असतं. त्यात काळं आतून वाढलेलं असेल तर जगातलं कुठलंही पाणी ते पांढरं करणार नाही. ब्लेडने कापून, जागा वाळवून नवीन लावायचं, तेवढाच मार्ग. आणखी एक खूण बघा. बाकी भिंत स्वच्छ राहते आणि एकाच रेषेत काळं आठ-पंधरा दिवसांत परत येतं का? तसं असेल तर त्या टाइलवर बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ आवाज आला तर मागे पाणी साठतंय. तो साफसफाईचा नाही, प्लंबरचा विषय आहे.

आता खरं सांगतो, फोंड्याला डिसेंबरपर्यंत पिवळं पुसटसं परत आलं. टाकीत बोअरचं पाणी येत राहणार, तर डागही येणार. वहिनींनी मग एक सवय लावली: अंघोळ झाली की वायपर भिंतीवरून वरून खाली एकदा ओढायचा आणि एक्झॉस्ट अर्धा तास चालू ठेवायचा. पाणी भिंतीवर वाळलंच नाही तर लोह मागे राहत नाही, आणि ओल कमी झाली की बुरशीलाही जागा मिळत नाही. महिन्यातून एकदा भांड्यांच्या लिक्विडने घासणं पुरतं. लिंबूसत्व वर्षातून दोनदा पुष्कळ झालं.

चतुर्थीचं म्हणाल तर तुम्ही हातात तीन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी लिक्विडची धुलाई आणि थेंबांची परीक्षा, दुसऱ्या दिवशी परकार्बोनेट, तिसऱ्या दिवशी फक्त पिवळ्या रेषांवर लिंबूसत्व. तुम्ही नुकतंच टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच वापरलंय, म्हणून सुरुवातीला नुसत्या पाण्याने सगळं दोन-तीनदा धुवा. दुकानदार सीलर घ्या म्हणेल. तो आता मारू नका. सीलर सांध्यात मुरून आतली छिद्रं भरतो, पण त्यासाठी सांधा आतपर्यंत कोरडा हवा. श्रावण-भाद्रपदात, बाहेर पाऊस आणि आत रोजच्या अंघोळी असताना, तो तसा होत नाही. ओल आत कोंडली गेली तर रेषांवर पांढुरका धूर आल्यासारखं दिसतं. दिवाळी होऊ दे, हवा कोरडी झाली की ती न्हाणी दोन दिवस बंद ठेवा, फॅन लावा आणि तेव्हा सीलर मारा. दुसऱ्या दिवशी सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघा. तो मोत्यासारखा वर राहिला की काम झालं.